रिकर्शन डोक्यावरून जातंय? मग थप्पी हाताने लावा

लातूर जिल्ह्याच्या दहा तालुक्यांची नावे वर्णक्रमाने लिहिली, तर पहिले अहमदपूर येते आणि शेवटचे शिरूर अनंतपाळ. ही दहा नावे बायनरी सर्च ट्रीमध्ये घातली आणि त्या ट्रीचा इनऑर्डर ट्रॅव्हर्सल केला, की यादी नेमकी याच क्रमाने बाहेर पडते. आधी डावीकडचे सगळे, मग स्वतः, मग उजवीकडचे सगळे, एवढाच इनऑर्डरचा नियम. तो पाठ करायला कुणाला अडचण येत नाही. शिरूर अनंतपाळहून लातूरला किंवा उदगीरला कॉलेजसाठी ये-जा करणारी, डेटा स्ट्रक्चर्सचा पेपर देणारी मुले अडतात ती त्यापुढच्या पाच ओळींवर:

```python
def inorder(node):
    if node:
        inorder(node.left)
        print(node.name)
        inorder(node.right)
```

फंक्शन स्वतःलाच बोलावते, ते पुन्हा स्वतःला बोलावते, आणि मग `print` कोणत्या नोडचे, कधी होते, हे कळेनासे होते. हा गोंधळ तुमच्या बुद्धीचा नाही. या पाच ओळींमध्ये एक गोष्ट दिसतच नाही: कोणकोणते नोड अर्धवट राहिले आहेत, याची यादी. ती यादी संगणक पडद्याआड ठेवत असतो. आपण तीच यादी उघड्यावर आणू आणि स्वतः हाताळू. मग रिकर्शनची गरजच उरत नाही.

आधी ट्री कागदावर काढा

नावे या क्रमाने घालू: निलंगा, चाकूर, लातूर, अहमदपूर, देवणी, रेणापूर, शिरूर अनंतपाळ, औसा, जळकोट, उदगीर. वर्णक्रमात आधी येणारे नाव डावीकडे जाते, नंतर येणारे उजवीकडे. शेवटचे उदगीर कुठे बसते ते पाहा. ते निलंग्याच्या आधीचे, म्हणून डावीकडे. चाकूरच्या आधीचे, म्हणून पुन्हा डावीकडे. अहमदपूरच्या नंतरचे, म्हणून उजवीकडे. आणि तिथे बसलेल्या औशाच्या आधीचे, म्हणून औशाच्या डावीकडे. पूर्ण ट्री असा होतो:

```
निलंगा
├─ डावे: चाकूर
│   ├─ डावे: अहमदपूर
│   │   └─ उजवे: औसा
│   │       └─ डावे: उदगीर
│   └─ उजवे: देवणी
│       └─ डावे: जळकोट
└─ उजवे: लातूर
    ├─ डावे: रेणापूर
    └─ उजवे: शिरूर अनंतपाळ
```

पायथन अक्षरांची तुलना त्यांच्या युनिकोड क्रमांकांनुसार करतो. या दहा नावांसाठी तो क्रम आणि आपला वर्णक्रम एकच आहे, त्यामुळे `<` हे चिन्ह थेट वापरता येते. ‘ॲ’ने सुरू होणारे नाव मात्र ‘ह’च्याही नंतर जाऊन बसेल, कारण त्या अक्षराचा क्रमांक यादीत फार पुढे आहे. सरावासाठी स्वतःची नावे घेताना एवढे सांभाळा.

यादी कशाची ठेवायची

आता प्रोग्रॅम विसरा आणि पेन्सिल घेऊन निलंग्यावर उभे राहा. निलंगा छापायचा का? नाही, आधी त्याच्या डावीकडचे सगळे छापायला हवे. म्हणजे निलंगा बाकी राहिला. त्याची नोंद करून चाकूरवर जा. चाकूरचेही तेच: नोंद करा, अहमदपूरवर जा. अहमदपूरचीही नोंद करा आणि डावीकडे पाहा. तिथे काहीच नाही.

आता मागे फिरायचे, पण कुणाकडे? सर्वांत शेवटी नोंद केली त्याच्याकडे, म्हणजे अहमदपूरकडे. आडतीत सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी असते तसेच हे: शेवटी ठेवलेले पोते आधी निघते, मधले ओढता येत नाही. संगणकाच्या भाषेत या थप्पीला स्टॅक म्हणतात. वर ठेवणे म्हणजे पुश आणि वरचे काढणे म्हणजे पॉप.

या स्टॅकमध्ये कोण असते, हे एका वाक्यात सांगता येते आणि सगळा विषय त्या वाक्यात आहे: ज्याच्या डाव्या बाजूला आपण शिरलो आहोत, पण जो स्वतः अजून छापलेला नाही, तो नोड स्टॅकमध्ये असतो, दुसरा कुणीही नसतो. हे वाक्य वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढची प्रत्येक ओळ बरोबर आहे की नाही, हे याच वाक्याला लावून तपासता येते.

वरचा नोड पॉप झाला, याचा अर्थ त्याची डावी बाजू संपली. म्हणून त्याला लगेच छापायचे. छापून झाल्यावर त्याचे फक्त एक काम उरते, उजवीकडे जाणे. उजवीकडे गेलो की तो नोड आपल्या हिशेबातून पूर्ण सुटला. त्याला स्टॅकमध्ये परत ठेवायचे नसते.

आता प्रोग्रॅम

```python
def inorder(root):
    stack = []
    node = root
    while stack or node:
        while node:
            stack.append(node)
            node = node.left
        node = stack.pop()
        print(node.name)
        node = node.right
```

आतला `while` म्हणजे डावीकडे उतरत जाणे आणि वाटेतल्या प्रत्येकाची नोंद करणे. तो थांबतो तेव्हा `node` मध्ये `None` असते, म्हणजे डावीकडे आता काही नाही. मग वरचा नोड काढा, छापा आणि त्याच्या उजव्या नोडकडे वळा. उजवीकडे कुणी असेल तर बाहेरच्या लूपची पुढची फेरी तिथून पुन्हा डावीकडे उतरायला लागते. कुणी नसेल तर `node` मध्ये `None` येते, आतला लूप एकदाही फिरत नाही आणि थेट पुढचा पॉप होतो. ‘वर परत जाणे’ असे वेगळे काही लिहावे लागत नाही. पॉप म्हणजेच परत जाणे.

ही रीत नवी नाही. डोनाल्ड कनुथ यांनी ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’च्या पहिल्या खंडात (१९६८) इनऑर्डरची रीत दिली, ती रिकर्शनशिवाय, स्टॅक घेऊन, मोजक्या पायऱ्यांत. त्या पायऱ्या आणि वरचा प्रोग्रॅम यांत तत्त्वाचा फरक नाही.

दहा तालुके, दहा फेऱ्या

बाहेरच्या लूपची प्रत्येक फेरी एक नाव छापते. खालच्या नोंदीत पॉप होण्याच्या क्षणी स्टॅक कसा होता ते डावीकडे दिले आहे. सर्वांत उजवीकडचे नाव थप्पीच्या वरचे. बाणानंतर छापलेले नाव आणि कंसात पुढचा `node` आहे.

```
१.  निलंगा, चाकूर, अहमदपूर      → अहमदपूर (औसा)
२.  निलंगा, चाकूर, औसा, उदगीर   → उदगीर (None)
३.  निलंगा, चाकूर, औसा          → औसा (None)
४.  निलंगा, चाकूर               → चाकूर (देवणी)
५.  निलंगा, देवणी, जळकोट        → जळकोट (None)
६.  निलंगा, देवणी               → देवणी (None)
७.  निलंगा                      → निलंगा (लातूर)
८.  लातूर, रेणापूर              → रेणापूर (None)
९.  लातूर                       → लातूर (शिरूर अनंतपाळ)
१०. शिरूर अनंतपाळ               → शिरूर अनंतपाळ (None)
```

यातल्या तीन जागा नीट पाहा.

पहिली जागा दुसऱ्या फेरीत आहे. अहमदपूर छापून आपण त्याच्या उजवीकडे, औशाकडे गेलो, आणि स्टॅकमध्ये अहमदपूर कुठेच नाही. वहीतल्या वाक्याला हे धरूनच आहे: तो छापला गेला, त्याची नोंद ठेवायचे कारण संपले. रिकर्शनमध्ये मात्र `inorder(node.right)` परत येईपर्यंत अहमदपूरचे फंक्शन उघडेच राहते, त्याच्याकडे करण्यासारखे काही उरले नसले तरी. डोक्यात गोंधळ माजतो त्याला अशी कामे संपलेली, पण उघडी राहिलेली फंक्शन्सही कारण असतात. ट्रीला पाच पातळ्या आहेत, पण आपल्या स्टॅकमध्ये एका वेळी चारपेक्षा जास्त नोड कधीच आले नाहीत, त्याचे कारणही हेच.

दुसरी जागा, तिसऱ्या फेरीतून चौथीत जाताना. औशाच्या उजवीकडे काही नाही. ट्रीमध्ये औशाच्या वर अहमदपूर आहे, पण आपण अहमदपूरवर थांबत नाही. थेट चाकूर निघतो. रिकर्शन कागदावर सोडवताना बरेच जण इथे चुकतात, कारण ते एकेक पायरी वर चढत बसतात. स्टॅकला ट्रीचा आकार माहीतच नसतो. त्याला एवढेच माहीत असते की बाकी कोण आहे.

तिसरी जागा सातवी फेरी. निलंगा निघाला आणि स्टॅक पूर्ण रिकामा झाला, तरी काम संपलेले नाही, कारण `node` मध्ये लातूर आहे. उलट तिसऱ्या फेरीनंतर `node` मध्ये `None` होते, पण स्टॅकमध्ये दोन नावे होती. म्हणजे काम दोन ठिकाणी शिल्लक राहू शकते, स्टॅकमध्ये किंवा हातातल्या नोडमध्ये. दोन्ही एकदम रिकामे होतात ते दहाव्या फेरीनंतर, शिरूर अनंतपाळ छापल्यावरच. बाहेरच्या लूपच्या अटीत `or` आहे तो यासाठी.

चूक कुठे झाली, हे छापलेली यादीच सांगते

या प्रोग्रॅममध्ये होणाऱ्या चुका थोड्याच आहेत, आणि बहुतेकींची खूण वेगळी आहे.

काहीच छापले गेले नाही, तर बाहेरची अट पाहा. तिथे `while stack` किंवा `while stack and node` लिहिले असणार. सुरुवातीला स्टॅक रिकामा असतो, त्यामुळे लूपमध्ये प्रवेशच होत नाही.

अहमदपूर आणि उदगीर अशी दोनच नावे आली, तर अट `while node` एवढीच आहे. उदगीरच्या उजवीकडे काही नाही, `node` मध्ये `None` आले, आणि स्टॅकमध्ये तीन तालुके वाट पाहत असताना लूप थांबला.

दहाही नावे बरोबर आली आणि शेवटी निलंगा पुन्हा एकदा छापला गेला, तर पहिल्या चुकीवर चुकीचा उपाय झाला आहे: `while stack` चालावे म्हणून सुरुवातीलाच `stack = [root]` केले, आणि `node = root` ही ओळही तशीच ठेवली. निलंगा दोनदा पुश झाला, म्हणून दोनदा निघाला. उपाय अटीत `or node` घालण्याचा आहे; स्टॅक रिकामाच सुरू होऊ द्या.

उदगीर, उदगीर, उदगीर असे न थांबता छापत राहिले, तर `Ctrl+C` दाबून थांबवा आणि शेवटची ओळ पाहा. तिथे `if node.right:` लावून मगच `node = node.right` केलेले असते. दिसायला ही खबरदारी वाटते. प्रत्यक्षात उदगीरच्या उजवीकडे काही नसल्याने `node` उदगीरवरच राहतो, पुढच्या फेरीत तो पुन्हा पुश होतो आणि पुन्हा छापला जातो. `node` मध्ये `None` येणे ही इथे अडचण नसून निरोप आहे: ‘उजवीकडे काही नाही, पुढचा पॉप करा.’ तो निरोप अडवू नका.

हेच लक्षण आणखी एका कारणाने दिसते. काही जण `node` हे व्हेरिएबल काढूनच टाकतात आणि स्टॅकच्या वरच्या नोडला डावीकडे कुणी असेल तर त्याला पुश करतात. उदगीर छापून वर औसा आला, की औशाच्या डावीकडे उदगीर अजूनही आहेच. तो परत पुश होतो आणि चक्र सुरू राहते. औशाची डावी बाजू आपण फिरून आलो आहोत, ही माहिती ट्रीमध्ये कुठेच लिहिलेली नसते. ती `node` मधल्या `None` मध्ये असते, म्हणून ते व्हेरिएबल हवेच.

आणि यादी निलंगा, चाकूर, अहमदपूर, औसा, उदगीर अशी सुरू झाली, तर `print` आतल्या लूपमध्ये, पुश करताना लिहिले गेले आहे. तो प्रीऑर्डर झाला. प्रीऑर्डर हवा असेल तर ही चूक नव्हेच. एकच ओळ हलवून तो मिळतो. पोस्टऑर्डर मात्र इतक्या सहज मिळत नाही. त्यात नोड पॉप झाला तरी त्याची उजवी बाजू बाकी असते, म्हणून ती फिरून झाली की नाही याची वेगळी खूण ठेवावी लागते. त्या वेगळ्या अभ्यासाला इनऑर्डर पक्का झाल्यावरच हात घाला.

याचा उपयोग कुठे पडतो आणि मर्यादा कोणती

समजा, दहा तालुके वर्णक्रमानेच एकापाठोपाठ ट्रीमध्ये घातले. प्रत्येक नवे नाव आधीच्याच्या उजवीकडे जाईल आणि ट्री म्हणजे उजवीकडे झुकलेली सरळ साखळी होईल. रिकर्शन त्यात दहा पातळ्या खोल जाते. आपल्या स्टॅकमध्ये मात्र एका वेळी एकच नाव असते, कारण कुणालाही डावी बाजू नाही. पुश झाले की लगेच पॉप. गावांची किंवा खातेदारांची यादी बहुधा आधीच क्रमाने लावलेली असते, त्यामुळे ही परिस्थिती पुस्तकी नाही. पायथनची रिकर्शनची मर्यादा सहसा १००० ठेवलेली असते. काही हजार नावांची अशी साखळी रिकर्शनने फिरायला गेलात, तर `RecursionError` येतो आणि काम अर्ध्यात थांबते. स्टॅकचा प्रोग्रॅम तीच साखळी विनातक्रार पार करतो.

उलट क्रमाने, शिरूर अनंतपाळपासून सुरुवात करून नावे घातली, तर साखळी डावीकडे झुकते. मग पहिला पॉप होण्याआधीच दहाही नावे स्टॅकमध्ये चढतात. स्टॅकला लागणारी जास्तीत जास्त जागा ही. पायथनची लिस्ट हवी तशी वाढते, पण सीमध्ये ॲरे घेऊन स्टॅक करत असाल, तर त्याचा आकार किमान ट्रीच्या पातळ्यांइतका हवा. पातळ्या माहीत नसतील तर नोडच्या संख्येइतका. तो कमी पडला तर सी ओरडेलच असे नाही, शेजारची मेमरी बिघडू शकते आणि भलतीच नावे छापली जाऊ शकतात. सीमध्ये बाहेरची अट `top != -1 || node != NULL` अशी होईल. बाकी रीत तीच.

काम मध्येच थांबवता येणे हा आणखी एक फायदा. वर्णक्रमातले फक्त पाचवे नाव हवे असेल, तर छापण्याच्या जागी मोजणी ठेवा आणि पाचव्या पॉपला `return` करा. आपल्या ट्रीत जळकोट मिळेल, आणि निलंग्याच्या उजवीकडच्या तीन नोडना हातही लावावा लागणार नाही. रिकर्शनमध्ये हेच करायचे, तर ‘सापडले, आता थांबा’ हा निरोप प्रत्येक उघड्या फंक्शनमधून वरपर्यंत पोहोचवावा लागतो.

परीक्षेत आणि सरावात

कागदावर सोडवताना तीन रकाने आखा: स्टॅक, छापलेले नाव, पुढचा `node`. प्रत्येक पॉपला एक ओळ लिहा. शेवटी दोन गोष्टी मोजा. प्रत्येक नोड एकदाच पुश आणि एकदाच पॉप झालेला असला पाहिजे, म्हणजे ओळी नोडइतक्याच हव्यात. आणि बायनरी सर्च ट्री असेल तर छापलेली नावे चढत्या क्रमात हवीत. यातले एक जरी जमले नाही, तर पहिली चुकीची ओळ शोधा आणि तिच्यातल्या स्टॅकला वहीतले वाक्य लावा: यातल्या प्रत्येकाच्या डावीकडे आपण शिरलो आहोत का, आणि तो अजून छापायचा बाकी आहे का?

हे दोन-तीन वेगवेगळ्या ट्रींवर जमले, की रिकर्शनच्या त्या पाच ओळी पुन्हा उघडा. `inorder(node.left)` म्हणजे नोंद करून डावीकडे उतरणे, तिथून परत येणे म्हणजे पॉप, मग `print`, आणि नंतर उजवीकडे. आता ही ओळख उलट दिशेने पटेल, आणि ती अशाच क्रमाने करून घ्या: आधी हाताने स्टॅक, मग रिकर्शन. दहा तालुक्यांचा ट्री वेगळ्या क्रमाने घालून आजच एकदा सोडवून पाहा. नावे कोणत्याही क्रमाने घातलीत, तरी शेवटच्या ओळीत शिरूर अनंतपाळच आले पाहिजे. आले नाही, तर चूक कुठे शोधायची हे आता तुम्हाला माहीत आहे.